टाकीत पाणी किती? आतली पट्टी, बाहेरची नळी की तरंगता काटा

आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला वॉचमनकाका ग्रुपवर टाकीचा फोटो टाकतात आणि त्यावर मी टँकर मागवायचा की नाही ते ठरवतो. फोटो कशाचा घ्यायचा याचे तीन पर्याय आम्ही आळीपाळीने वापरून पाहिले. तुमच्याकडेही हाच प्रश्न असेल, तर आधी आमचा हिशेब पाहा, म्हणजे कुठली चूक परवडते ते कळेल.

आमची गच्चीवरची काँक्रीटची टाकी आतून 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि दीड मीटर उंच आहे. म्हणजे 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे 60 लिटर. ओव्हरफ्लो 140 सेंटिमीटरवर आहे आणि खाली जाणारा पाइप तळापासून 10 सेंटिमीटर वर आहे. त्याखालचे 600 लिटर पाणी टाकीत असते, नळाला येत नाही. घरे 12. घरटी चार माणसे आणि माणशी 135 लिटर हे सरकारी प्रमाण धरले, तर दिवसाला 6480 लिटर, म्हणजे 108 सेंटिमीटर. समजा फोटोत 52 दिसले. 10 वजा करून उरतात 42 सेंटिमीटर, म्हणजे 2520 लिटर. एवढे पाणी सकाळची आंघोळ-धुणी उरकेपर्यंत पुरेल, संध्याकाळी नळ कोरडे. मधल्या वेळात महापालिकेचे पाणी येणार नसेल, तर टँकर आत्ताच सांगायला हवा. वाचण्यात दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी हा निर्णय बदलत नाही.

पहिला पर्याय, टाकीच्या आत भिंतीवर खुणा. आतून पांढऱ्या टाइल असतील तर टाइलचे सांधे हीच पट्टी. झाकण उघडून समोरच्या भिंतीचा फोटो घ्यायचा. याची खुबी अशी की पाणी खुणेलाच टेकलेले असते, मध्ये अंतर नसते. त्यामुळे मोबाईल कितीही तिरका धरला तरी आकडा बदलत नाही. अडचण वेगळीच आहे: पाण्याची रेघ ओळखूच येत नाही. पाणी निवळ असेल तर पाण्याखालच्या खुणाही दिसतात, पण वर उचलल्यासारख्या आणि एकमेकींजवळ सरकलेल्या. त्यात वरच्या खुणांचे प्रतिबिंब मिसळते. घाईत कोणीही खालची खूण वाचून मोकळा होतो. उपाय सोपा आहे. आकडे मोठे रंगवून घ्या. सुलटा आकडा आणि त्याचे उलटे प्रतिबिंब जिथे भेटतात, तीच पाण्याची पातळी. टाइल असतील तर खालून मोजूच नका, वरून किती टाइल कोरड्या आहेत ते मोजा. टॉर्च पाण्यावर न मारता भिंतीवर मारायचा, नाहीतर फोटोत नुसता पांढरा डाग येतो. मात्र रोज शिडी चढून झाकण उघडायचे, पावसात पाय घसरायची भीती, आणि झाकण एकदा उघडे राहिले की डासांची सोय. काका साठीचे आहेत. मी हा पर्याय रोजच्यासाठी सोडला तो यासाठी.

दुसरा पर्याय, बाहेरची पारदर्शक नळी आणि तिच्यामागे पट्टी. सगळ्यात स्वस्त आणि म्हणून सगळ्यात जास्त दिसणारी. हिच्यात कोनाची चूक शिरते, कारण नळी आणि पट्टीत अंतर असते. आमच्याकडे ते 3 सेंटिमीटर होते. काका दीड मीटरवर उभे राहून, डोक्यापेक्षा दीड मीटर उंच पातळीचा फोटो घेत, म्हणजे नजर 45 अंशांत वर. अशी नजर पाण्याच्या रेघेतून जाऊन मागच्या पट्टीवर 3 सेंटिमीटर वर पोचते. 52 चे 55 दिसतात, 180 लिटर फुकटचे. खालून घेतलेला फोटो नेहमी जास्त दाखवतो, वरून घेतलेला कमी. साडेपाच मीटर मागे जाऊन झूम केले की हीच चूक एक सेंटिमीटरच्याही आत येते. पट्टी नळीलाच चिकटवली तर प्रश्नच मिटतो.

पण वर म्हटले तसे, 180 लिटरने आमचा निर्णय फिरत नव्हता. नळीने दगा दिला तो दुसऱ्या प्रकारे. एकदा प्लंबरने काम करताना नळीचा कॉक बंद केला आणि उघडायचा विसरला. टाकी रिकामी होत गेली, नळीतले पाणी जागच्या जागी, आणि आम्ही दोन दिवस एकसारखाच फोटो पाहून निर्धास्त. दुसरा धोका शेवाळाचा: पाणी उतरते, हिरवी कड वरच राहते आणि फोटोत तीच पातळी वाटते. नळीत मध्येच हवेचा बुडबुडा अडकला, तर पाण्याचे वरचे टोक बुडबुड्याच्या लांबीइतके वर दिसते. नळी खाली जाणाऱ्या पाइपलाच जोडली असेल, तर सगळे नळ चालू असताना पातळी खरीपेक्षा खाली दिसते. म्हणून फोटो पाणी शांत असताना.

रिकामी नळी आणि निवळ पाण्याने भरलेली नळी फोटोत सारखीच दिसते, यावर जुना बॉयलरवाल्यांचा तोडगा आहे. नळीमागे तिरपे लाल-पांढरे पट्टे काढायचे. पाणी भरलेला भाग भिंगासारखा वागतो आणि तेवढ्याच भागात पट्टे उलट्या बाजूला कललेले दिसतात. फक्त पट्टे नळीला अगदी चिकटून नकोत, नळीच्या मध्यापासून तिच्या व्यासापेक्षा जास्त अंतरावर हवेत. जवळ असले तर उलटत नाहीत, नुसते रुंद दिसतात. म्हणजे आकड्यांची पट्टी नळीला चिकटलेली, रंगाचे पट्टे मागे लांब. ही जोडी जमली की धूसर फोटोतूनही पातळी कळते.

तिसरा पर्याय, आत तरंगता डबा, पुलीवरून दोरी आणि बाहेर फळीवर सरकणारा काटा. खालच्या मजल्यावरून झूम करून वाचता येते, कारण काटा जाड आणि रंगीत, फळीला जवळजवळ टेकलेला. आकडे उलटे असतात: पाणी वाढले की काटा खाली येतो. नवीन माणूस फोटो पाहून काटा वर म्हणजे टाकी भरली समजतो. म्हणून फळीच्या वरच्या टोकाला ठळक ‘रिकामी’ लिहून टाका. दोरी ताणते, पुली गंजते, डबा भिंतीला अडकतो. पण काटा अडकल्याचे कळते, कारण सकाळी वापर सुरू झाला की तो हलायलाच हवा.

माझी निवड अशी: टाकी गच्चीवर उंच असेल आणि फोटो घेणारा वयस्क असेल, तर तरंगता काटा. खर्च टाळायचा असेल तर पट्टेवाली नळी, पण मग रोज एकाच वेळी एक फोटो पुरत नाही. साडेसहा आणि साडेआठ असे दोन हवेत. मधल्या वेळात पातळी उतरलेली दिसली नाही, तर नळी बंद आहे. आतल्या खुणा मी महिन्यातून एकदा, बाकी दोघांची खात्री करायला वापरतो. घर एकट्याचे असेल आणि टाकी हाताच्या उंचीवर, तर आतलीच पट्टी पुरेशी आहे. नळी बसवायच्या फंदात पडू नका.

गळती शोधायची असेल तर मात्र नळीच बरी. रात्री एकला आणि पहाटे चारला, जमिनीवर खडूने खूण करून तिथूनच दोन फोटो घ्यायचे. कोनाची चूक दोन्हीत जवळजवळ सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. आमच्याकडे तीन तासांत दीड सेंटिमीटर उतरले, म्हणजे 90 लिटर, आणि तेव्हा सगळे झोपलेले होते. चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लशची टाकी वाहत होती.