फोटोंवरून कॉमिकचं पान: सात महिन्यांचा अनुभव, आणि चष्म्याच्या दोऱ्याचा प्रश्न

फोटो टाकले की ग्राफिक नॉव्हेलचं पान बनवून देणाऱ्या एका सेवेचं सदस्यत्व मी सात महिन्यांपूर्वी घेतलं. गेल्या महिन्यात त्यांनी चित्र काढणारं आतलं एआय मॉडेल न सांगता बदललं आणि माझी अर्धी झालेली गोष्ट बिघडली. तिसऱ्या पानावरचे बाबा पहिल्या दोन पानांवरच्या बाबांचे धाकटे भाऊ वाटू लागले. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘निकाल दर वेळी वेगळे येऊ शकतात.’ वाया गेलेली क्रेडिट्स परत मिळाली नाहीत. त्या रागात हे लिहायला घेतलंय, पण चांगलं आहे तेही सांगणार आहे.

आधी फोटोंबद्दल. माझे वडील सायकलचं पंक्चर काढतायत आणि माझी लेक शेजारी बसून बघतेय, असे सात फोटो. टायर उतरवणं, ट्यूब बाहेर काढणं, ती पाण्याच्या टबात बुडवणं, बुडबुडे येणं, भोकावर बोट ठेवणं, ठिगळ लावणं, शेवटी पंपाने हवा भरणं. बाबांच्या चष्म्याची उजवी दांडी मोडलेली आहे, तिथे त्यांनी काळा दोरा गुंडाळलाय. माझ्या मते पानावरचे बाबा त्या दोऱ्यावरूनच ओळखू यायला हवेत.

पहिले दोन महिने मी सातही फोटो एकदम देऊन अख्खं पान मागत होतो. चौकटी सुबक येत, रंग छान येत, आणि दोरा बऱ्याच चौकटींत गायब. एका चौकटीत चष्माच नवा कोरा. मी सूचनेत ‘दांडीला काळा दोरा’ असं वाढवत गेलो, तर मॉडेलने बाबांच्या गळ्यात दोरी अडकवली. सूचना लिहिण्यात मीच कमी पडतोय असं तेव्हा वाटायचं. ते चुकीचं होतं.

कारण नंतर कळलं. या जातीची बरीच मॉडेल्स चित्र थेट ठिपक्यांवर काढत नाहीत, आधी ते आवळून लहान करतात. आठाला एक असं प्रमाण सर्रास असतं. अख्ख्या पानात एका चौकटीतला चेहरा जेमतेम साठ पिक्सेल रुंद असेल, तर आत त्याच्या वाट्याला सात-आठ घरं येतात. तेवढ्यात डोळे, मिशा आणि चष्मा बसवायचा, दोऱ्याला जागाच उरत नाही. मग मॉडेल आपल्या सवयीचा चष्मा काढून मोकळं होतं.

तेव्हापासून मी अख्खं पान मागणं सोडलं. आता एकेक चौकट वेगळी काढतो, आणि जिथे चेहरा लहान आहे तिथे फक्त डोक्याचा भाग कापून, मोठा करून, वेगळा काढून परत जागी चिकटवतो. सोबत दर वेळी तोच संदर्भ-तक्ता देतो: बाबा समोरून, उजवीकडून, डावीकडून, आणि लेकीचे तसेच तीन चेहरे. हा तक्ता नीट करायला एक अख्खी संध्याकाळ गेली, पण त्यानंतर क्रेडिट्सचा खर्च निम्म्याच्याही खाली आला. एक चांगला फोटो संदर्भ म्हणून पुरत नाही. समोरच्या फोटोत दांडी दिसतच नाही, मग मॉडेल बाजूची दांडी मनाने रचतं.

दुसरी किल्ली म्हणजे बदलाची तीव्रता. शून्यावर फोटो तसाच राहतो, एकवर फोटोचा मागमूस उरत नाही. सुरुवातीला मी ०.७ वर ठेवायचो, कारण तिथेच ते हाताने काढल्यासारखं दिसतं. आता ०.४ च्या आसपास ठेवतो. रेषा थोडी बुजरी येते, पण माणूस तोच राहतो. लेकीचा पिवळा फ्रॉक सावलीतल्या फोटोत हिरवट व्हायचा, म्हणून सातही फोटोंचा रंगतोल आधीच सारखा करून घेतो. फ्रॉकचा रंग शेवटी हाताने भरतो, एकाच ठरलेल्या छटेने.

आता संवादाच्या फुग्यांकडे. इथे मला सगळ्यात जास्त चिडायला झालं आणि सगळ्यात मोठा आनंदही इथेच मिळाला.

सेवेने काढलेल्या फुग्यांतलं मराठी वापरण्याजोगं नाही. ‘पंक्चर’मधला जोडाक्षराचा भाग दर वेळी वेगळा मोडतो, शिरोरेषा मध्येच तुटते. अक्षरं तिथे मजकूर म्हणून नसतात, चित्र म्हणून असतात. एक शब्द सुधारायला सांगितला की चौकटही थोडी बदलून येते आणि दोरा पुन्हा जातो. म्हणून फुगे मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या थरावर काढतो. ते फुकट आहे आणि जोडाक्षरं नीट जुळवतं. फॉन्ट कलम, हातच्या अक्षरासारखा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.४ पट ठेवतो. इंग्रजी कॉमिकची कॅपिटल अक्षरं दाटीने बसतात, आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ‘कुठून’च्या खाली ‘नीट’ लिहून बघा, लगेच दिसेल.

खरी अडचण चौथ्या चौकटीत आली. तिथे लेक उजवीकडे बसलीय आणि आधी तीच बोलते, ‘आबा, बुडबुडे आले!’ डावीकडून बाबा म्हणतात, ‘बोट ठेव तिथे, सोडू नकोस.’ आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे बाबांचं उत्तर आधी वाचलं जायचं. सोपा उपाय फोटो आडवा उलटवण्याचा. मी उलटवला, पान छापलं, आणि मग लक्षात आलं की दोरा डाव्या दांडीवर गेलाय. ते पान मी फाडून टाकलं.

उपाय उंचीत सापडला. वरचा फुगा आधी वाचला जातो, मग तो उजवीकडे का असेना, फक्त खालचा फुगा पूर्णपणे त्याच्या खाली सुरू व्हायला हवा. पण फोटोत लेकीच्या डोक्यावर बोटभरही जागा नव्हती. आणि इथे या सेवेने मला जिंकलं. चित्र वरच्या बाजूने वाढवण्याची सोय तिच्यात आहे. मागची भिंत तिने पाव उंचीने अशी वाढवून दिली की जोड शोधून सापडत नाही. भिंतीला ना चेहरा ना चष्मा, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नव्हतं. लेकीचा फुगा वर उजवीकडे, बाबांचा त्याखाली डावीकडे, शेपट्या तोंडाच्या दिशेने पण ओठांपासून थोड्या अलीकडे थांबवलेल्या. पहिल्यांदाच ती चौकट बोलू लागली.

तेव्हापासून क्रम बदललाय. आधी कागदावर चौकटी आखतो, त्यात संवाद लिहून फुग्यांची जागा धरतो, त्या मापाने फोटो कापतो किंवा वाढवतो, आणि मगच चित्र करायला देतो. सातपैकी टायर उतरवण्याचा फोटो गाळला, कारण ट्यूब बाहेर आलेली दिसली की तो कळतोच. बुडबुड्यांची चौकट मधली, पूर्ण रुंदीची. ए५ पानावर ती साधारण १३० मिलिमीटर भरते, म्हणजे ३०० डीपीआयला दीड हजार पिक्सेल लागतात. सेवा १०२४ देते, तेवढी एकच चौकट मोठी करून घ्यावी लागते.

सदस्यत्व मी चालू ठेवलंय, पण सगळ्यात स्वस्त योजनेवर, आणि फक्त चौकटी रंगवायला व भिंती वाढवायला. मॉडेल बदलण्याआधी किमान महिनाभर जुनं वापरायची मुभा द्या, हे मी त्यांना तीनदा लिहिलंय. तिसरं पान मी तक्ता देऊन पहिल्यापासून पुन्हा केलं. सहाही चौकटींत जिथे जिथे उजवी दांडी दिसते, तिथे दोरा आहे.