जांभळाच्या बियांची पूड: मेटफॉर्मिनसोबत, ग्लिमेपिराइडसोबत की नुसतीच?

जून-जुलैत जांभळं संपत आली की औषधाच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो: "शुगरच्या गोळ्या चालू आहेत, सोबत जांभळाची पावडर घेतली तर चालेल ना?" मी आधी गोळ्यांची स्ट्रिप मागतो. पूड तीच असते, पण स्ट्रिपवर कुठलं औषध छापलंय त्यावर उत्तर बदलतं.

आधी पुडीकडून किती अपेक्षा ठेवायची ते पाहू. आयुर्वेदात जांभूळबीज चूर्णाची मात्रा दिवसाला साधारण ३ ते ६ ग्रॅम धरतात. चहाचा सपाट चमचा भरून घेतला तर त्यात अंदाजे २ ते ३ ग्रॅम पूड मावते. म्हणजे सकाळी एक आणि संध्याकाळी एक चमचा, जेवणाआधी पाण्यासोबत, एवढ्यात मात्रा पूर्ण होते. इथे गोंधळ चमच्याचा होतो. घरात 'एक चमचा' म्हणून पोहे खायचा मोठा चमचा शीग लावून घेतला जातो आणि एका वेळेलाच ८-१० ग्रॅम पूड पोटात जाते. काही लहान चाचण्यांत दिवसाला १० ग्रॅमपर्यंत पूड दिली गेली आणि उपाशीपोटीची साखर थोडीफार उतरलेली दिसली. पण त्यांत माणसं थोडी होती आणि कालावधी काही महिन्यांचाच होता. जांभळाच्या पानांचा काढा ब्राझीलमध्ये तपासला गेला, त्याचा तर काहीच उपयोग दिसला नाही. उलट मेटफॉर्मिन नीट घेतलं तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, साधारण १ ते १.५ टक्क्याने उतरतं, आणि त्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास आहे. म्हणून पूड गोळीची जागा घेईल असं मी कुणालाच सांगत नाही. जोडीला घ्यायची असेल तरच पुढचं बोलू.

स्ट्रिपवर फक्त मेटफॉर्मिन असेल तर चिंता कमी. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर आवरतं, स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन सोडायला लावत नाही. त्यामुळे जेवणखाण वेळेवर असेल तर साखर धोक्याइतकी खाली जाणं क्वचितच घडतं. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन किंवा डॅपाग्लिफ्लोझिन एकटं असेल तरी जवळपास तसंच. अशांना पुडीचा त्रास झालाच तर बहुधा पोटाचा होतो. बियांमधल्या तुरटपणामुळे बद्धकोष्ठ होतं, आणि मेटफॉर्मिनने आधीच पोट बिघडत असेल तर नेमकं कशामुळे काय होतंय ते कळेनासं होतं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल तर मात्र गोष्ट वेगळी. या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतात, मग रक्तातली साखर आधीच कमी असो वा नसो. ग्लिमेपिराइडचा असर जवळजवळ दिवसभर टिकतो. त्यावर पूड, त्यात जेवणाला उशीर, आणि वयामुळे किडनी मंदावलेली असेल तर साखर ७० च्या खाली जायला वेळ लागत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. बऱ्याच जणांना आपल्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे हेच माहीत नसतं, कारण ते मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत येतं. ब्रँडच्या मोठ्या नावावर जाऊ नका, त्याखालच्या बारीक अक्षरांत घटक वाचा.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, ६६ वर्षांच्या काकू आहेत. सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० ची एकत्र गोळी, रात्री मेटफॉर्मिन ५००. एचबीएवनसी ७.१. कुणीतरी सांगितलं म्हणून उठल्याबरोबर मोठा चमचाभर पूड सुरू केली. एकादशीला सात वाजता पूड घेतली, आठला गोळी, मग बिनसाखरेचा चहा. भगर दुपारी एकला. साडेअकराला दरदरून घाम, हाताला कापरं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि ग्लुकोमीटरवर ६१. इथे दोष एकट्या पुडीचा नाही. गोळी आणि उपास एवढ्यानेही हे होऊ शकलं असतं, पुडीने भर घातली. खरा प्रश्न असा की या वयात ७.१ आधीच चांगलं असताना आणखी काय उतरवायचं होतं? माझ्या मते काकूंनी पूड सोडावी आणि उपासाच्या दिवशी सकाळची गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांना विचारावं. पूड घ्यायचीच असेल तर ती ३ ग्रॅमवर ठेवावी, गोळीनंतर नाश्ता लगेच व्हावा, आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमवर आणायचं का हे डॉक्टरांनी ठरवावं. गोळी आपल्या मनाने अर्धी करायची नाही. एकत्र गोळी तोडली की मेटफॉर्मिनही अर्धं होतं, आणि हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर तोडल्यावर ते सगळं एकदम सुटू शकतं.

पहिले दोन आठवडे उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी साखर मोजा. नुसती सकाळची मोजून भागत नाही, कारण उतार बहुतेक दुपारकडे येतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल तर धडधड आणि कापरं जाणवत नाही. तेव्हा घाम हीच काय ती खूण उरते.

साखर ७० खाली गेली तर चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजूनही कमी असेल तर तेवढंच पुन्हा घ्या आणि मग जेवा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. एक खाचखळगा इथे आहे: तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज असेल तर नेहमीची साखर आतड्यात लवकर फुटत नाही, त्यामुळे ग्लुकोज पावडरच लागते. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्हींची एकच गोळी आपल्याकडे सर्रास मिळते. ती घेणाऱ्याने ग्लुकोजचं पाकीट खिशात ठेवावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. ग्लिमेपिराइडमुळे झालं असेल तर शुद्धीवर आल्यावरही दिवसभर लक्ष ठेवावं लागतं, साखर पुन्हा घसरू शकते.

गोळी नाही, नुसती पूड, हा तिसरा पर्याय. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ मध्ये असेल, डॉक्टरांनी अजून गोळी दिली नसेल, तर जेवण आणि चालण्याच्या जोडीला तीन महिने घेऊन पुन्हा तपासायला हरकत नाही. टाइप १ मध्ये हा पर्यायच नाही. तिथे इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकतं.

पूड घरी केलेली की विकतची? बिया धुऊन, कडकडीत वाळवून, वरचं पातळ साल काढून दळायच्या. आत ओल राहिली तर बुरशी येते. कुबट वास आला की टाकून द्या. विकतच्या पुडीबद्दल मला वेगळीच धास्ती आहे. 'आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या मधुमेहाच्या चूर्णांत गुपचूप ग्लिबेनक्लामाइड मिसळल्याचं अनेकदा उघडकीस आलंय. म्हणून उत्पादन परवाना क्रमांक नसलेला डबा घेऊ नका. आणि चमचाभर पुडीने आठवड्याभरात साखर ८०-१०० ने खाली आली, तर खूश होऊन शेजाऱ्यांना सांगत सुटण्याआधी पूड बंद करा आणि तो डबा डॉक्टरांना नेऊन दाखवा.