तळपायातली ‘मुळं’ ओढून काढणाऱ्यांपासून सावध

मंडई किंवा तुळशीबागेच्या गर्दीत कुणी लंगडताना दिसलं की एखादा नीटनेटका माणूस आपुलकीनं जवळ येतो. "काकू, कुरूप झालंय का? माझ्या आईला अस्संच होतं. एका वैद्यांनी मुळासकट काढलं, ऑपरेशन नाही की काही नाही." ते वैद्य नेमके दुसऱ्या दिवशी पुण्यात असतात आणि घरीही येतात. हा माणूस त्यांच्याच टोळीतला असतो.

कोथरूडच्या एका काकूंच्या बाबतीत हेच झालं. उजव्या तळपायावर, दुसऱ्या बोटाच्या खाली, कडक ठिपका होता आणि टेकला की कळ यायची. दर आधीच ठरला, एका मुळाला ४०० रुपये. काकूंनी दोन-तीन मुळं धरली होती. वैद्यानं ब्लेडनं वरची कातडी तासली, पितळी नळी टेकवून तोंडानं ओढलं आणि कापसावर एक पिवळट, ओलसर तुकडा टाकला. मग दुसरा, मग तिसरा. अशी १८ ‘मुळं’ निघाली, ७,२०० रुपये झाले. मध्येच थांबवायची सोय नव्हती, कारण "अर्धवट सोडलं तर विष पसरेल" हे वाक्य तयारच होतं.

तुकडे नळीत किंवा गालात आधीच दडवलेले असतात. पायातून असं काही निघूच शकत नाही, कारण कुरुपाला मूळ नसतं. हाडाच्या उंचवट्याखाली एकाच जागी सतत दाब पडला की तिथली मेलेली कातडी साचत जाते आणि तिचा शंकू तयार होतो. टोक आत रुतलेलं असतं, म्हणून पाय टेकला की टोचतं. कुरूप तासलं की दोन-चार दिवस बरंही वाटतं, आणि भोंदूला श्रेय मिळतं ते याच आरामाचं. चप्पल तीच, दाब तोच, त्यामुळे ते पुन्हा येतं. मग "एक मूळ राहिलं होतं" म्हणून पुन्हा पैसे.

काकूंना मात्र कुरूप नव्हतंच. चार-पाच महिन्यांनी जुन्या जागेभोवती आणखी तीन ठिपके आले. त्वचारोगतज्ज्ञांनी वरचा थर हलकेच खरवडला, तर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब दिसले. ती तळपायाची चामखीळ होती. ती विषाणूमुळे होते आणि ब्लेडनं कापाकापी केली की विषाणू आजूबाजूच्या चिरांत शिरतो.

दोन्हींतला फरक घरीही बराचसा कळतो. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसा आणि चांगल्या उजेडात बघा. चामखिळीत तळव्याच्या रेषा कडेपाशी तुटतात, आत बारीक काळे ठिपके असतात. त्या गोठलेल्या रक्तवाहिन्या. कुरुपात ठिपके नसतात, मधोमध काचेसारखा कडक गाभा दिसतो. कुरूप वरून दाबल्यावर जास्त दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर. चिमटीची खूण दर वेळी बरोबर येतेच असं नाही. काळे ठिपके दिसले तर मात्र ती बहुतेक चामखीळच असते. स्वतः खरवडून रक्त येतं का, हे बघू नका.

कुरुपाचं खरं औषध म्हणजे दाब कमी करणं: पुढून रुंद, मऊ तळाची चप्पल, ठिपक्याभोवती मधे भोक असलेली गादी, आणि मऊ झालेल्या कातडीवर हलक्या हातानं वजरी. चामखिळीला सॅलिसिलिक ॲसिडचं औषध रोज लावावं लागतं, तेही साधारण १२ आठवडे. आजूबाजूच्या चांगल्या कातडीला आधी व्हॅसलिन लावा, आणि चामखिळीवर वापरलेली कानस दुसरीकडे वापरू नका. लोक दोन आठवड्यांत कंटाळून सोडतात, आणि नेमके तेव्हाच हे वैद्य भेटतात.

मधुमेह असेल किंवा पायाला मुंग्या, बधिरपणा असेल तर दुकानातली कॉर्नपट्टीसुद्धा स्वतःहून लावू नका. तिच्यातही तेच ॲसिड असतं. कातडी भाजली तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

कुणी आधीच ब्लेड लावून घेतलं असेल, तर जखम साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. तेच ब्लेड आधी कुणाला लावलं होतं ते माहीत नसतं, शिवाय नळी तोंडातली असते. म्हणून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्यांचंही विचारा. एचआयव्ही टाळण्याचं औषध लागलंच तर ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, म्हणून "बघू उद्या" नको. पैसे यूपीआयनं दिले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि त्यांचा फोन नंबर घेऊन जवळच्या पोलीस चौकीत तक्रार द्या. कापसावरचे ते तुकडे हाती लागले तर तेही फेकू नका, सोबत न्या.