सूचना दोन भाषांत: ओळीआड ओळ की वेगवेगळे भाग?

मशीन साफ करण्याची सूचना मराठी-इंग्रजीत लावायची आहे. प्रत्येक मराठी पायरीखाली तिचं इंग्रजी द्यावं, की वर सगळं मराठी आणि खाली सगळं इंग्रजी, असा प्रश्न एका सुपरवायझरने विचारला.

वाचायला वेगळे भाग सोपे. जेमतेम अक्षरओळख असलेला कामगार बोट ठेवून वाचतो. मध्ये अनोळखी लिपीची ओळ आली की बोट अडतं आणि पुढची पायरी सुटू शकते. ‘मेन स्विच बंद करा. कुलूप लावा. चावी स्वतःजवळ ठेवा. मगच साफ करा.’ हे सलगच वाचता यायला हवं.

चुका पकडायला मात्र ओळीआड ओळ बरी. वेगळ्या भागांत इंग्रजीत पाच पायऱ्या आणि मराठीत चार राहिल्या, तरी पटकन दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे दोन्हीकडे तेच आकडे घालायचे. मग ‘तीन नंबर बघ’ म्हटलं की मराठी वाचणारा आणि इंग्रजी वाचणारा, दोघांची बोटं एकाच पायरीवर येतात.

मांडणी कोणतीही असो, ‘गार्ड लावल्याशिवाय मशीन सुरू करू नये’ असं दुहेरी नकाराचं वाक्य नको. ‘आधी गार्ड लावा. मग मशीन सुरू करा.’ असं लिहा.

क्रमाने करायच्या कामासाठी वेगळे भाग घ्या आणि मराठी अक्षर मोठं ठेवा. ‘हात घालू नका’ अशा एका ओळीच्या इशाऱ्याखाली लगेच इंग्रजी चालेल.