एव्हरनोट: बेसिक की प्रीमियम?

२०१६ च्या जूनमध्ये एव्हरनोट या नोंदी ठेवण्याच्या अ‍ॅपने आपल्या प्लॅनच्या मर्यादा बदलल्या. तेव्हाच्या फुकट बेसिक आणि सशुल्क प्रीमियमची ही तुलना.

बेसिकमध्ये महिन्याला ६० एमबी अपलोड, प्रीमियममध्ये १० जीबी. पण ही साठवणुकीची जागा नव्हती, त्या महिन्यात वर चढवलेल्या डेटाची मोजणी होती. त्यामुळे जुन्या नोंदी पुसल्या तरी कोटा परत मिळत नसे. नवा महिना उजाडावा लागे. शिवाय एका नोंदीचा आकार बेसिकमध्ये २५ एमबी, प्रीमियममध्ये २०० एमबी. म्हणजे ३० एमबीचा स्कॅन केलेला करारनामा बेसिकमध्ये एका नोंदीत बसतच नसे, मग कोटा पूर्ण शिल्लक असला तरी. ३ एमबीचे फोटो असतील, तर बेसिकमध्ये महिन्याला वीस.

उपकरणांचं सोपं होतं: बेसिकला दोन, प्रीमियमला हवी तितकी. फोन, घरचा लॅपटॉप आणि ऑफिसचा संगणक असेल, तर तिसऱ्यावर ब्राउझर वापरता येई. तो मोजणीत धरत नसत.

खरा फरक शोधात होता. फोटोतली अक्षरं बेसिकमध्येही सापडत, पण जोडलेल्या पीडीएफ आणि वर्ड फाइलच्या आतला मजकूर फक्त प्रीमियम शोधायचं. बेसिकवर राहायचं असलं तर जोडणी असलेल्या प्रत्येक नोंदीच्या शीर्षकात पक्षकाराचं नाव, तारीख आणि विषय लिहिणं भाग होतं. करारनामे, पावत्या, संशोधनलेख यांचा ढीग असेल, तर मी तेव्हा याच एका सोयीसाठी प्रीमियम घ्यायला सांगितलं असतं.