चार महिने रोज पावसात घातलेली सँडल: ग्रिपला पैकीच्या पैकी, पट्ट्यातल्या स्पंजला शून्य

परवा बसमधून उतरताना उजव्या सँडलच्या सोलने पुढून आ वासला. आधीच पाय घोट्यापर्यंत पाण्यात, त्यात प्रत्येक पावलाला सोल खाली दुमडणार, तसंच फरफटत ऑफिस गाठलं. घेऊन बरोबर चार महिने झालेत आणि वॉरंटी सहा महिन्यांची आहे, म्हणून त्याच दिवशी कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर आलं की पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. बॉक्सवर पावसाळ्यासाठी असं छापलंय! मी फोटो पाठवले, बॉक्सचा फोटो पाठवला, तीन वेळा मेल केला, तिन्ही वेळा तेच वाक्य परत आलं. त्या रागातच लिहायला बसले होते, पण लिहिताना लक्षात आलं की माझी खरी तक्रार सोलबद्दल नाहीच, ती पट्ट्याबद्दल आहे. तर सुरुवातीपासून सांगते.

पावसाच्या पहिल्या तीन आठवड्यांत मी जाळीचे रनिंग शूज घालत होते. जाळी आहे म्हणजे हवा लागेल, लवकर वाळतील असा हिशोब होता. रोज सकाळी पाय घातला की गार, ओलसर लागायचं आणि तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या मधे कातडी पांढरी पडून खाज सुटली. मग एकदा चिडून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक बूट ठेवला. कोरडा २९० ग्रॅम होता. भिजून आल्यावर दहा मिनिटं निथळत ठेवून परत मोजला तर ४३० भरला, म्हणजे एका पायाला १४० ग्रॅम पाणी. रात्रभर फॅनखाली ठेवून सकाळी ३३५. पुढच्या दिवशी तसाच भिजून आला तेव्हा इनसोल बाहेर काढून वेगळा वाळत टाकला आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरले, झोपायच्या आधी एकदा बदलले, तर सकाळी ३०० वर आला. जाळी तर तासा-दोन तासांतच कोरडी लागत होती, पाणी बसलं होतं इनसोलमधे आणि घोट्याभोवतीच्या त्या फुगीर गादीत. म्हणजे वरचं कापड किती पटकन वाळतं याला फारसा अर्थ नाही, आत स्पंज किती आहे त्यावर सगळं ठरतं. वॉटरप्रूफ बुटांचा विचार पण केला होता, पण आमच्या वाटेवर पाणी घोट्याच्या वर येतं, एकदा वरून आत शिरलं की ते बाहेर जायला वाटच नाही.

म्हणून ही सँडल घेतली, मागे टाचेला पट्टा असलेली. हा पट्टा मला हवाच होता, कारण साध्या चपलेची टाच प्रत्येक पावलाला फटकारते आणि चिखलाचे शिंतोडे पार पोटऱ्यांपर्यंत कपड्यांवर उडतात. शिवाय ओल्या पायातून चप्पल निसटते आणि ती धरून ठेवायला आपण बोटं आवळत चालतो, त्यानेही तोल जातो. सँडलचं वजन एका पायाचं ३१०, भिजल्यावर ३४५. फक्त ३५ ग्रॅम पाणी! मी इतकी खूश झाले होते की ऑफिसमधे दोघींना घ्यायला लावली.

ग्रिपचं मात्र पहिल्या आठवड्यात मत वाईट झालं होतं. डांबरी रस्त्यावर ठीक, पण पादचारी पुलावरच्या गुळगुळीत लाद्यांवर पहिल्याच दिवशी टाच सर्रकन पुढे गेली, कठडा हाताशी होता म्हणून वाचले. मला वाटलं सोलच फालतू आहे. नंतर कळलं की नव्या सोलवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर राहिलेला असू शकतो आणि पृष्ठभागही चकचकीत असतो. साबण आणि ब्रशने सोल घासला, मग बारीक पॉलिश पेपर टाचेवर आणि पुढच्या भागावर हलक्या हाताने फिरवला, चमक जाण्यापुरताच. फरक त्याच दिवशी जाणवला आणि आठ-दहा दिवस चालल्यावर तर ग्रिप मस्त बसली. तेव्हा नवीन जोडी घेतल्या घेतल्या भर पावसात घालून पळू नका, आधी घासा, दोन-तीन दिवस कोरड्यात चाला.

ग्रिपबद्दल माझा एक मोठा गैरसमज होता तो पण सांगून टाकते. मला वाटायचं जेवढे खोल दात तेवढी पकड. ते मातीत, चिखलात खरं आहे, दात आत रुततात. ओल्या लादीवर रुतायला काहीच नसतं, तिथे सोल आणि लादी यांच्यामधला पाण्याचा थर बाजूला सारून रबर लादीला टेकणं महत्त्वाचं. मोठे आणि लांब लांब दात असले की टेकणारं रबरच कमी होतं. या सँडलला दात बुटके आहेत, त्यांच्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा आहेत आणि मधल्या खाचा सोलच्या कडेपर्यंत उघड्या जातात. ही शेवटची गोष्ट नीट बघा, काही सोलवर सुंदर नक्षी असते पण खाचा कडेला बंद, मग पाणी बाहेर कुठून जाणार?

आणि मटेरियल. खालचा थर रबराचा हवा. आख्खी सँडल ईव्हीए फोमची असेल तर ती हलकी असते, पाणी पीत नाही, वाळायला सगळ्यात भारी, पण माझी घरातली तशी जोडी ओल्या लादीवर घसरते आणि सोल पण भराभर झिजतो. पीव्हीसीचे स्वस्त पावसाळी बूट कडक असतात, त्यांचंही तेच. दुकानात मी सोलमधे नख दाबून बघते, रबर जरासं दबून परत वर यायला हवं. नखाला दगडासारखं लागलं तर मी ती जोडी खाली ठेवते. ही परीक्षा फक्त रबरासाठी, फोम तर दाबला की दबणारच, म्हणून आधी खाली रबर आहे ना ते विचारा.

आता स्पंज. ३५ ग्रॅम पाणी म्हणून मी खूश होते ना, सकाळी मोजलं तर ३२८. म्हणजे अर्धं पाणी रात्रभर तिथेच! सोलने पाणी धरलेलं नव्हतं, पायाखालचा भाग फोमचा, तो पुसला की कोरडा. पट्टा पॉलिएस्टरचा, तो पण धागा म्हणून पाणी जवळजवळ पीत नाही. पाणी होतं पट्ट्याच्या आत, पायाला टोचू नये म्हणून शिवलेल्या मऊ स्पंजात, वरून कापड आणि सगळीकडून शिलाई. बोटांनी चिमटीत दाबलं की सकाळी पण ओल बाहेर येते. दिसायला कोरडा, मोजे नसलेल्या पायाला मात्र दिवसभर ओला. दुसऱ्या महिन्यात तिथे वास यायला लागला, मग टाचेच्या मागे ओल्या पट्ट्याने घासून फोड आला, फोड फुटल्यावर मी तीन दिवस बूट घातले कारण उघड्या जखमेने साचलेल्या पाण्यातून चालणं म्हणजे लेप्टोला आमंत्रण. हे सगळं कशामुळे, तर चार बोटं रुंदीच्या स्पंजामुळे. तो नसता तरी चाललं असतं, माझ्या ताईच्या सँडलला नुसती विणलेली पट्टी आहे, आतल्या बाजूला कडा दुमडून शिवलीये, तिला काही टोचत नाही आणि तासाभरात वाळते. चांगल्या सोलवर कुणीतरी विचार न करता हा स्पंज का लावला असेल याचा मला अजून राग येतो.

मी बरेच उपाय केले. टॉवेलमधे पट्टा गुंडाळून जोरात दाबायचा, मग सँडल उभी करून पट्टे सगळे उघडून फॅनसमोर, याने सकाळपर्यंत ३१८ पर्यंत आणता आलं. हेअर ड्रायर दोनदा मारला, ते करू नका, गरम हवेने गोंद मऊ होतो. शेवटी तिसऱ्या महिन्यात टाचेच्या पट्ट्याची शिलाई ब्लेडने उसवली, स्पंज ओढून काढला, परत हाताने टीप मारली. त्यानंतर सकाळचं वजन ३११. मी दोनदा मोजलं.

तर सोल सुटला तो ड्रायरमुळे का, हा प्रश्न मला पण पडला. दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेली, त्यांनी सुटलेला भाग उलटा करून दाखवला: सगळा गोंद वरच्या फोमला चिकटलेला आणि खालचं रबर एकदम स्वच्छ, गुळगुळीत. "ताई, चिकटवायच्या आधी रबर घासलंच नाहीये, गोंद धरणार कशाला?" गोंद मऊ होऊन किंवा ताण येऊन सुटला असता तर दोन्हीकडे थोडा थोडा राहिला असता म्हणे. ड्रायर दोन्ही सँडलला सारखाच मारला होता आणि डावी शाबूत आहे, त्यामुळे मला त्यांचं पटतं. त्यांनी रबर खरवडून चिकटवली आणि कडेने शिलाई पण मारून घेतली. हाच फोटो मी कंपनीला चौथ्या मेलमधे पाठवलाय.

अजून एक अपडेट. काकांनीच टाचेची बाहेरची कड दाखवली, तिथे पेन्सिल सेलच्या बुडापेक्षा मोठा गुळगुळीत डाग पडलाय, चिरा गेल्या. पाऊल टेकताना पहिली तीच कड लागते आणि घसरणं पण तिथूनच सुरू होतं, म्हणजे बाकीचा सोल नवा दिसत असला तरी माझी ग्रिप संपत आलीये. गेल्या आठवड्यात पुलावर दोनदा निसटायला झालं ते यामुळेच असणार. उरलेला पाऊस ही सँडल फक्त जवळपास जायला वापरणार.

पुढच्या जोडीसाठी काल दुकानात गेले तर मुलगा ग्रिप दाखवायला सोल वाकवत होता, मी आधी पट्टा चिमटीत धरला. चार जोड्यांमधे स्पंज निघाला, पाचवीत नुसती विणलेली पट्टी होती, रबर नखाने दबलं, खाचा कडेपर्यंत उघड्या. तीच घेतली. ओली करण्याआधीचं वजन लिहून ठेवलंय, २९५.