चीनचे स्वस्त लेथ की कोरियाचे महाग? सीमाशुल्कासकट हिशेब

कारखान्यासाठी एक सीएनसी लेथ मशीन आणायचे आहे आणि हातात दोन कोटेशन आहेत. एफओबी, म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढवून देण्याची किंमत, शांघायहून २०,००,००० रुपये आणि कोरियातल्या बुसानहून २१,४०,००० रुपये. माल न्हावा शेवाला उतरणार. दोन्ही मशीन कामाला सारखीच चालतील असे धरले, तर १,४०,००० रुपयांचा फरक पाहून बहुतेक जण चीनकडे वळतील. पण मशीन दारात येईपर्यंत हा फरक उलटा होतो. तो कुठे उलटतो आणि पुन्हा कशाने सुलटा होऊ शकतो, ते पाहू.

शुल्क एफओबी किमतीवर लागत नाही. तिच्यात समुद्री भाडे आणि विमा मिळवून येते ती असेसेबल व्हॅल्यू, आणि शुल्क तिच्यावर. डॉलरचे रुपये करताना बँकेने लावलेला भाव चालत नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क खात्याकडे भरायचे विवरण, दाखल झाल्याच्या दिवशी लागू असलेला खात्याने जाहीर केलेला दर घ्यायचा. न्हावा शेवापासून कारखान्यापर्यंतचा ट्रक मात्र या मूल्यात येत नाही.

पुढे पायऱ्या एकावर एक चढतात. असेसेबल व्हॅल्यूवर मूलभूत सीमाशुल्क, म्हणजे बीसीडी. बीसीडीच्या १० टक्के समाज कल्याण अधिभार. मग मूल्य, बीसीडी आणि अधिभार या तिघांच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. म्हणून ७.५, ०.७५ आणि १८ यांची बेरीज करून २६.२५ टक्के म्हणणे चूक ठरते. १.०८२५ ला १.१८ ने गुणले की १.२७७३५ येतात, म्हणजे प्रत्यक्ष भार २७.७३५ टक्के.

खालच्या हिशेबात चीनच्या मशीनला बीसीडी ७.५ टक्के धरली आहे. भारत-कोरिया करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्याखाली कोरियाच्या मशीनला शून्य दर मिळतो असे धरले आहे. ऑर्डर देण्याआधी दोन्ही दर सीमाशुल्काच्या दरपत्रकात आपल्या मशीनच्या आठ अंकी कोडसमोर पाहूनच घ्यावेत.

| | चीन | कोरिया |
|---|---|---|
| एफओबी | २०,००,००० | २१,४०,००० |
| भाडे | ८०,००० | ८५,००० |
| विमा | १०,००० | ११,००० |
| असेसेबल व्हॅल्यू | २०,९०,००० | २२,३६,००० |
| बीसीडी | १,५६,७५० | ० |
| अधिभार | १५,६७५ | ० |
| आयजीएसटी १८% | ४,०७,२३७ | ४,०२,४८० |
| बंदरावर एकूण खर्च | २६,६९,६६२ | २६,३८,४८० |
| आयजीएसटी परत मिळाल्यावर | २२,६२,४२५ | २२,३६,००० |

अधिभार बीसीडीवर चालतो, त्यामुळे बीसीडी शून्य झाली की तोही शून्य होतो. निर्णय शेवटच्या ओळीवरून घ्यायचा, कारण नोंदणीकृत कारखान्याला आयजीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणजे ती रक्कम आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वळती करता येते; बीसीडी आणि अधिभाराचे मिळत नाही. त्यासाठी बिल ऑफ एंट्रीवर आपला जीएसटीआयएन बरोबर पडलेला हवा. शिवाय आयजीएसटीच्या रकमेवर घसारा घ्यायचा नाही, घेतला तर क्रेडिट जाते. कंपोझिशन योजनेतल्या कारखानदाराला क्रेडिटच नाही, त्याने वरची ओळ पाहावी. तिथेही कोरिया ३१,१८२ रुपयांनी पुढेच आहे.

थोडक्यात, कोरियाची असेसेबल व्हॅल्यू चीनच्या व्हॅल्यूपेक्षा ८.२५ टक्क्यांपर्यंत जास्त असली तरी कोरिया परवडते. इथे ती सुमारे ७ टक्के जास्त आहे, म्हणून २६,४२५ रुपये वाचतात.

आता खरी गोम. ही बचत मशीन कोरियाहून निघाले म्हणून मिळत नाही, ते कोरियन मूळचे आहे हे सिद्ध झाले तर मिळते. करारातला सर्वसाधारण नियम दुहेरी आहे: बाहेरून आणलेले भाग आणि तयार मशीन यांचा सहा अंकी कोड बदललेला हवा आणि किमान ३५ टक्के मूल्य तिथले हवे. कास्टिंग, स्पिंडल, कंट्रोलर सगळे तिसऱ्या देशातले आणि कोरियात फक्त जुळणी, अशा मशीनला कोरियन मूळ असल्याचे प्रमाणपत्र मिळाले तरी ते तपासणीत टिकेल याची खात्री नाही.

२१ सप्टेंबर २०२० पासूनच्या नियमांनुसार ही माहिती जवळ ठेवणे आयातदाराचे काम आहे. 'पुरवठादाराने प्रमाणपत्र दिले, माझे काम संपले' हे चालत नाही. या नियमांच्या फॉर्म १ मधली माहिती बिल ऑफ एंट्री भरण्याआधीच हातात असायला हवी आणि कागद पाच वर्षे जपावे लागतात. अधिकाऱ्याने विचारले तर दहा कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचे असते. म्हणून ऑर्डरआधीच पुरवठादाराकडे मूल्याची फोड, म्हणजे त्यातले किती मूल्य कोरियातले याचा हिशेब, मागावी. 'ते गोपनीय आहे' एवढेच उत्तर आले तर ती धोक्याची खूण समजावी. आपल्याला द्यायचे नसेल तर सीमाशुल्क खात्याला थेट देण्याची तयारी तरी त्याने लेखी दाखवावी. प्रमाणपत्रावरचा सहा अंकी कोड आणि आपल्या बिल ऑफ एंट्रीवरचा कोड जुळतो का, हेही मसुद्यावरच पाहावे. जहाज सुटल्यावर दुरुस्तीला वेळ लागतो आणि तोवर बंदरावर कंटेनरचे भाडे चढत राहते.

सवलत नाकारली गेली तर काय? कोरियाच्या मशीनवर बीसीडी आणि अधिभार मिळून १,८४,४७० रुपये लागतात आणि निव्वळ खर्च २४,२०,४७० वर जातो. चीनपेक्षा १,५८,०४५ रुपये जास्त. मागणी माल सुटल्यानंतर आली तर १५ टक्के दराने व्याज वेगळे. जिंकलो तर २६,४२५, हरलो तर १,५८,०४५. साधारण सातपैकी एकदा जरी सवलत हुकण्याची शक्यता वाटत असेल, तर या दोन भावांत चीनच बरे. फोड देणाऱ्या पुरवठादाराशी मात्र कोरियाचा सौदा बिनदिक्कत करावा.

चीनच्या बाजूलाही एक सापळा आहे, तो भाड्याचा. माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरचे बिल आणि विम्याचा कागद सादर झाला नाही, तर नियमाने भाडे एफओबीच्या २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरला जातो. म्हणजे ९०,००० ऐवजी ४,२२,५०० रुपये मूल्यात मिळतात. असेसेबल व्हॅल्यू ३,३२,५०० रुपयांनी फुगते आणि परत न मिळणारे शुल्क २७,४३१ रुपयांनी वाढते. एवढी तर कोरियाची अख्खी बचतही नव्हती. एक्स-वर्क्स, म्हणजे विक्रेत्याच्या कारखान्याच्या दारात माल ताब्यात घेण्याच्या खरेदीत हे जास्त घडते, कारण कारखान्यापासून शांघाय बंदरापर्यंतचा खर्चही मूल्यात मिळवावा लागतो आणि त्याचे वेगळे बिल कोणी मागून ठेवलेले नसते. विमानाने आणले तर भाडे कितीही झाले तरी मूल्यात एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, ही त्यातली उलटी सोय. पण जड लेथ विमानाने कोण आणतो!

अवाजवी स्वस्तात येणाऱ्या मालावर लावले जाणारे अँटी-डम्पिंग शुल्क देशागणिक, कधी उत्पादकागणिकही बदलते. आपल्या वस्तूवर ते असेल तर समाज कल्याण अधिभार त्यावर लागत नाही, पण आयजीएसटी ज्या बेरजेवर लागतो तिच्यात मात्र ते धरले जाते. तशा वस्तूचा तक्ता बीसीडीच्या खाली एक ओळ वाढवून नव्याने मांडावा लागेल.